फोंड्यात घरगुती बेकरी, महिन्याला ३००० रुपये: जाहिरात गूगलवर की इंस्टावर?

कुर्टीची_केकवाली
नमस्कार सगळ्यांना. मी कुर्टी, फोंड्याला राहते आणि घरून एगलेस केक करते, शिवाय ब्राउनी आणि नाताळाला प्लम केक. एफएसएसएआयची नोंदणी आहे, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग आहे, इंस्टावर पेज आहे पण तिथले फॉलोअर म्हणजे बहुतेक नातेवाईक आणि मिस्टरांच्या ऑफिसातले. आतापर्यंतच्या ऑर्डरी सगळ्या ओळखीतून. चवथीला आणि दिवाळीला बरं चाललं, मध्ये मात्र आठवडेच्या आठवडे शांत जातात.

आता जाहिरातीवर महिन्याला ३००० घालायची तयारी आहे, त्याच्या वर नाही. नणंद म्हणते इंस्टावर रील बूस्ट कर, मिस्टरांचे मित्र म्हणतात गूगलवरच दे कारण तिथे माणूस केक शोधतच आलेला असतो. दोन्हीकडे अर्धे अर्धे टाकू का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

नवाकोरा
इंस्टा. केक डोळ्यांनी विकला जातो, गूगलवर चार ओळी वाचून कोण केक घेणार?

आबा_माशेल
बाय, ३००० मध्ये चांगले रंगीत पॅम्फ्लेट छापून होतात. सकाळी पेपर टाकणाऱ्या पोराला सांगायचं, घरोघरी जातात. आमच्या वाड्यावर एका मुलीने मोदक आणि नेवऱ्यांसाठी असंच केलं, चवथीला तिला हात टेकायला वेळ नव्हता. आणि जत्रेत एक टेबल लाव.

डिचोलीकर
आबा, तिने गूगल की इंस्टा विचारलंय हो :)

आबा_माशेल
विचारलं असेल. गिऱ्हाईक हवंय ना तिला?

पर्वरीचा_जाहिरातवाला
मी दहाएक वर्षं हेच काम करतो, छोटी हॉटेलं, दवाखाने, दोन-तीन बेकऱ्या. गूगल की इंस्टा हे नंतर बघू, आधी तीन गोष्टी सांगा. ऑर्डर किती आधी लागते? डिलिव्हरी कुठपर्यंत? आणि एका केकमागे सामान, बॉक्स, गॅस-वीज जाऊन हातात काय राहतं?

कुर्टीची_केकवाली
एक दिवस आधी तरी सांगावं लागतं, फोटोचा किंवा थीमचा केक असेल तर दोन दिवस. डिलिव्हरी मिस्टर संध्याकाळी करतात, फोंडा, फर्मागुडी, म्हार्दोळ, बोरी इतकंच. पणजीला नाही जमत. एक किलोचा साधा केक ८५० ला देते, सामान ३५०, बॉक्स-बोर्ड-वीज धरून ७० म्हणजे ४३० उरतात, त्यात माझी मेहनत. आणि ओटीजी एकच आहे, दिवसाला दोन केक, फार तर तीन.

पर्वरीचा_जाहिरातवाला
छान, हिशेब असलेला बरा. आता बघा. तुमचा जीएसटी नंबर नसणार, म्हणजे जाहिरातीवरचा १८ टक्के कर तुमच्या खिशातून जातो आणि परत मिळत नाही. ३००० भरले की जाहिरातीला प्रत्यक्षात २५४२ च उरतात, गूगल असो की मेटा, म्हणजे इंस्टाची कंपनी. ४३० मधून नवीन गिऱ्हाईक आणायला तुम्ही समजा १५० द्यायला तयार आहात. म्हणजे महिन्याला १७ च्या आसपास नवीन ऑर्डरी आल्या तर पैसे वसूल, आणि तेवढ्या तुमचा ओटीजी आरामात काढेल. दहा जणांनी जाहिरातीवर क्लिक केल्यावर एक ऑर्डर देतो असं धरलं तर एक क्लिक १५ रुपयांच्या वर परवडत नाही. हा दहात एक माझा अंदाज आहे, तुमचा खरा आकडा दोन-तीन आठवड्यांत तुमच्याच खात्यात दिसेल, पण १५ ही रेघ आत्ताच आखून ठेवा.

म्हणून अर्धे अर्धे करू नका. १२७० रुपयांत दोन्हीकडे इतके थोडे क्लिक येतात की महिन्याअखेर कुठलं चाललं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. मेटाच्या सिस्टिमला तर जाहिरात नीट बसवायला आठवड्याला साधारण ५० मेसेज हवे असतात, तुमच्या पैशात तिथपर्यंत पोचणं मुश्कील आहे. एक महिना एकच.

कुठली ती, हे मात्र "एक दिवस आधी" या तुमच्या अटीवर ठरतं. `cake near me` टाकणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा केक आज संध्याकाळी हवा असतो. तो तुमचा नाही.

मडगावची_रश्मी
अगदी हेच लिहायला आले होते. मी मडगावला घरून कप केक आणि केक करते. गेल्या वर्षी गूगलवर जाहिरात चालवली, फोन यायचे, म्हणजे खूप यायचे, पण "दोन तासांत मिळेल का", "दुकान कुठे आहे, येतो बघायला", "क्रीम रोल आहे का". नाही म्हणताना जीव नकोसा व्हायचा. पैसे जात होते आणि मी लोकांना दुसऱ्या बेकरीचा पत्ता सांगत होते! इंस्टावर उलट, लोक निवांत असतात, वाढदिवस पुढच्या आठवड्यात असतो, फोटो बघून विचारतात. तिथे "प्राइस?" विचारून गायब होणारे भरपूर, पण जे राहतात ते आगाऊ ऑर्डर देणारे. माझं मत इंस्टा.

नवाकोरा
मी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं :) शिवाय पोस्ट बूस्ट केली, लाइक वाढले की गूगलवर पण आपण वर येतो.

पर्वरीचा_जाहिरातवाला
@नवाकोरा, ते तसं नाही. इंस्टाच्या लाइकचा गूगलच्या क्रमवारीशी असा संबंध नाही. फार तर एखाद्याने तुमचं नाव इंस्टावर बघून नंतर ते गूगलवर शोधलं तर तुम्ही सापडता, तेवढाच.

@रश्मी, तुमचा अनुभव खरा आहे पण त्यात गूगलपेक्षा शब्दांचा भाग जास्त असावा. जाहिरातीच्या मथळ्यातच "१ दिवस आधी ऑर्डर" लिहिलं होतं का? मथळा ३० अक्षरांचाच मिळतो पण एवढं त्यात बसतं. ते वाचून घाईतला माणूस क्लिकच करत नाही, आणि क्लिक नाही तर पैसे नाहीत. आणि कीवर्ड, म्हणजे लोकांनी काय शोधलं की जाहिरात दिसावी ते शब्द, कुठले होते?

मडगावची_रश्मी
कीवर्ड एका ओळखीच्या मुलाने टाकून दिले होते. cake, bakery, cake shop असलंच काहीतरी. मथळ्यात "फ्रेश केक" होतं.

पर्वरीचा_जाहिरातवाला
मग दुकान शोधणारेच येणार. नुसता `cake` मोकळा सोडला की गूगल त्याच्या आजूबाजूचं सगळं पकडतं. खात्यात सर्च टर्म्स नावाचा रिपोर्ट असतो, लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते त्यात दिसतं, निदान बऱ्यापैकी. माझ्याकडे आलेल्या एका बेकरीच्या खात्यात केकची रेसिपी, बेकिंग क्लास आणि बेकरीतली नोकरी शोधणाऱ्यांवरच बरेचसे पैसे गेले होते. पहिल्या आठवड्यात रोज तो रिपोर्ट उघडायचा आणि नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाकायचे, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसत नाही.

फोंड्यासाठी मी एवढ्याने सुरुवात करेन:

```
[eggless cake ponda]
[birthday cake ponda]
[photo cake ponda]
"home baker ponda"
निगेटिव्ह: recipe, class, job, mould, near me, shop
```

चौकोनी कंसातले म्हणजे तेच किंवा त्याच अर्थाचं शोधणारे, अवतरणातले म्हणजे ज्यांच्या शोधात तो अर्थ कुठेतरी आला असे. क्लिकसाठीची बोली "मॅक्सिमाइझ क्लिक्स" ठेवायची आणि एका क्लिकला वर १५ रुपयांची मर्यादा. दिवसाचं बजेट ८० ठेवा. एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुप्पट खर्च करू शकतं, घाबरू नका, महिन्याचा हिशेब जुळतो. सर्च पार्टनर्स आणि डिस्प्ले नेटवर्क या दोन्ही खुणा काढून टाका, त्यांनी जाहिरात गूगल सर्चबाहेरच्या साइट्सवरही जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोव्यासाठी तर फारच: लोकेशनमध्ये फोंडा निवडलं की खाली आधीपासून `Presence or interest` निवडलेलं असतं. म्हणजे फोंड्यात असलेले, आणि शिवाय फोंड्यात "रस दाखवणारे". गोव्यात रस दाखवणारा माणूस दिल्लीत बसून ट्रिप ठरवत असतो. तो पर्याय उघडून `Presence` करा.

डिचोलीकर
हे सोन्यासारखं सांगितलंत. त्या एका खुणेने किती जणांचे पैसे दिल्लीला जात असतील!

पुण्यात_अडकलेला_गोंयकार
थांबा थांबा, इथे माझी हरकत आहे. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा फोंड्याला. आईच्या वाढदिवसाला मी इथून गूगलवर `cake delivery in ponda goa` शोधतो. मोठ्या ऑनलाइन केकवाल्यांच्या साइट्स वर येतात, पैसे घेतात, आणि केक कुठून तरी बनून जातो, एकदा तर नाव चुकीचं लिहून गेला होता. आई अंडं खात नाही, त्यामुळे धाकधूक वेगळीच. कुर्टीतली एखादी बाई घरी एगलेस करते, फोनवर बोलते, पोचल्यावर आईचा फोटो पाठवते, असं कळलं तर मी १०० रुपये जास्त देईन. तुमच्या त्या `Presence` मुळे मला ती जाहिरात दिसणारच नाही! माझा भाऊ दुबईत आहे, त्याचंही तेच. गोव्याबाहेर किती गोंयकार आहेत याचा विचार करा.

आणि आम्ही घाईत नसतो हो, चार दिवस आधी ठरवतो.

मडगावची_रश्मी
अगंबाई, हे खरंच की. मला लंडनहून एक ऑर्डर आली होती, बाणावलीला आजीसाठी. ती इंस्टावरून आली होती पण.

पर्वरीचा_जाहिरातवाला
@पुण्यात_अडकलेला, मान्य, आणि हा गिऱ्हाईक एक दिवसाच्या अटीत चपखल बसतो. पण त्यासाठी सगळं दार उघडू नये. वेगळी छोटी कँपेन करायची, लोकेशन मुंबई, पुणे, वाटल्यास यूएई, आणि कीवर्ड फक्त तेच ज्यात डिलिव्हरी किंवा पाठवणं आणि फोंडा दोन्ही आहे, `[cake delivery in ponda]`, `[send cake to ponda]`. मुंबईतून असं टाइप करणारा पर्यटक क्वचित, त्याच्या तोंडी पणजी किंवा कळंगुट असतं. अडचण अशी की या शब्दांवर ते मोठे केकवाले बोली लावून असतात, १५ रुपयांत तुमची जाहिरात वर येईल का हे चालवल्याशिवाय कळणार नाही. पण हा माणूस दरवर्षी येतो, आईचा, बाबांचा, लग्नाचा वाढदिवस, म्हणून त्याच्यासाठी २५ पर्यंत जायला माझी हरकत नाही.

नवाकोरा
फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं रात्री १२ ला केक शोधतात, त्यांचं काय?

कुर्टीची_केकवाली
रात्री १२ ला मिस्टर नाही जाणार :) पण संध्याकाळी ७ ला होस्टेलच्या गेटवर देऊ शकतो, फ्रिज असेल तर.

डिचोलीकर
होस्टेलच्या फ्रिजमध्ये केक १२ पर्यंत टिकणार? वास येताच संपणार तो.

आबा_माशेल
प्लम केकला फळं भिजवलीस का गो? आमच्या शेजारची आंट ऑक्टोबरात भिजवायची. पोदेराकडच्या भट्टीत ट्रे पाठवायची ती, घरात ओव्हन कुठे होते तेव्हा. तो वास अख्ख्या वाड्यावर.

कुर्टीची_केकवाली
भिजवलीत आबा, संत्र्याच्या रसात. माझा प्लम केक बिनदारूचा आणि एगलेस, फोंड्यात त्यालाच मागणी जास्त आहे. ज्यांनी एकदा खाल्ला ते मागतात, पण असा केक मिळतो हेच बहुतेकांना माहीत नाही.

पर्वरीचा_जाहिरातवाला
बघा, आत्ता तुम्ही इंस्टाचं काम सांगितलंत. असा केक मिळतो हेच माहीत नसेल तर माणूस तो शोधणार कसा? गूगलवर `eggless plum cake ponda` टाकणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील, कीवर्ड प्लॅनरमध्ये आकडाही धड दिसणार नाही. पण फोंड्यातल्या एखाद्या शाकाहारी घरात हा फोटो दिसला की घ्यावासा वाटेल. म्हणून वाढदिवसाचा केक गूगल, प्लम केक इंस्टा. पण एकाच वेळी नाही.

नाताळाच्या तीन-साडेतीन आठवडे आधी सुरू करा, २० डिसेंबरला बंद. बूस्ट बटण दाबू नका, ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन मेसेज येण्याचं उद्दिष्ट घ्या, क्लिक केलं की थेट व्हॉट्सॲप उघडतं. नुसतं बूस्ट केलं आणि उद्दिष्ट जसंच्या तसं राहिलं की बहुधा लाइक करणारी माणसं मिळतात, ऑर्डर देणारी वेगळी असतात. फोंड्यावर पिन ठेवून १० किलोमीटर. एक मात्र, मेटावर "इथे राहणारेच" असं आता वेगळं निवडता येत नाही, नुकतेच येऊन गेलेलेही त्यात येतात, आणि मंगेशी-म्हार्दोळला बसेस भरून पर्यटक येतात. त्यावर उपाय म्हणजे फोटोवरच मोठ्या अक्षरांत "फोंड्यात घरपोच, २२ डिसेंबरपासून" लिहायचं. किंमतही लिहा, "प्राइस?" वाले तिथेच गळतात.

मडगावची_रश्मी
किंमत लिहिण्याबद्दल मी सहमत नाही. किंमत लिहिली की लोक शेजारच्या बेकरीशी तुलना करतात आणि विचारतच नाहीत. आधी बोलणं सुरू होऊ दे, मग मी फोटो पाठवते, सामान काय वापरते ते सांगते, त्यातून ऑर्डर होते.

पर्वरीचा_जाहिरातवाला
तुमच्याकडे बोलायला वेळ आहे म्हणून जमतं. यांचे हात कणकेत असतात आणि उत्तराला तासभर उशीर झाला की तो मेसेज गेला समजा.

मडगावची_रश्मी
वेळ कुठला, दोन मुलं आहेत मला :) पण क्विक रिप्लाय तयार ठेवते, एका टचमध्ये जातो. किंमत न लिहिता चालवून बघा एक आठवडा, मग बोलू.

डिचोलीकर
मला एक कळत नाही. क्लिक करून माणूस जाणार कुठे? यांची वेबसाइट नाही.

पर्वरीचा_जाहिरातवाला
बरोबर. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट मिळायची ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. थेट व्हॉट्सॲपची लिंक गूगलच्या जाहिरातीत दिली तर ती नामंजूर होण्याची भीती असते. गूगल साइट्सवर एक पान फुकट होतं. चार फोटो, दर, कुठे पोचवता, एक दिवस आधीची अट, एफएसएसएआय नंबर आणि व्हॉट्सॲपचं बटण. बस. त्या बटणात आधीच लिहिलेला मेसेज ठेवा, "नमस्कार, गूगलवर पाहिलं", आणि इंस्टाच्या जाहिरातीत "प्लम केकबद्दल". मग कोण कुठून आलं हे आपोआप कळतं, व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावून ठेवा. महिन्याअखेर गूगलच्या लेबलखाली किती ऑर्डरी पक्क्या झाल्या ते मोजा आणि जाहिरातीच्या खर्चाला त्याने भागा. १५० च्या आत असेल तर चालू, २५० च्या वर गेलं तर बंद, मधे असेल तर निगेटिव्ह शब्द अजून वाढवा.

पण यातलं काहीही करायच्या आधी बिझनेस प्रोफाइल करा, ते फुकट आहे. घरचा पत्ता लपवता येतो, फक्त कुठे डिलिव्हरी देता ते टाकायचं. पडताळणीला आता बहुतेक व्हिडिओ मागतात, स्वयंपाकघर, सामान, नोंदणीचा कागद दाखवायचा. मग जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून रिव्ह्यू लिहायला सांगा, फोटोसकट. फोंड्यासारख्या ठिकाणी दहा-पंधरा खरे रिव्ह्यू असले तरी नकाशावर तुम्ही दिसायला लागता, आणि त्या क्लिकचे पैसे लागत नाहीत.

आबा_माशेल
आणि केकच्या बॉक्सवर तो चौकोनी कोड चिकटव. दहा माणसं वाढदिवसाला येतात, केक खाऊन विचारतात कुणाचा म्हणून.

पर्वरीचा_जाहिरातवाला
आबांचं शंभर टक्के बरोबर. कोडमधला आधीचा मेसेज वेगळा ठेवा, "बॉक्सवरून". मला वाटतं तो कोड दोन्ही जाहिरातींना मागे टाकेल, पण लेबल लावून बघा.

कुर्टीची_केकवाली
सगळ्यांचे खूप आभार. आजच प्रोफाइलसाठी व्हिडिओ काढला, मिस्टरांनी मोबाइल धरला. ठरवलंय असं: आत्ता पैसे गूगललाच, फोंड्यातले चार कीवर्ड, `Presence`, युपीआयने आधी १००० भरून. नाताळाच्या आधी गूगल थांबवून उरलेले सगळे प्लम केकला इंस्टावर, कारण तेव्हा ओटीजीत दुसऱ्या केकला जागाच नसते. किंमत लिहायची की नाही ते दोन फोटो करून बघते, एकावर लिहून, एकावर नाही.

पुणे-मुंबईची कँपेन जानेवारीत. पण एक विचारायचं राहिलं, बाहेरून ऑर्डर देणाऱ्याकडून आधी पूर्ण पैसे मागितले तर तो बिचकतो का? अनोळखी बाईला ८५० पाठवायचे म्हणजे.

पुण्यात_अडकलेला_गोंयकार
मी पाठवेन, पण आधी रिव्ह्यू बघेन आणि एकदा फोनवर बोलेन. माझा भाऊ नाही पाठवणार, तो म्हणेल अर्धे आधी, अर्धे फोटो आल्यावर. आईचा वाढदिवस फेब्रुवारीत आहे, नंबर व्यनि करा.